सोळा तारखेचा दिवस

अधिक ज्येष्ठ संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी १६ जूनला सकाळी साडेदहा वाजता, शहापूरबाहेरच्या एका गोदामाने आमचे एकशे ऐंशी खोके सोडायला नकार दिला. टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. खोके आत, चौथ्या रांगेत, बारा लाकडी पॅलेटवर होते. दारातून ते दिसत होते.

खोक्यांत पत्रावळी होत्या. पळसाच्या पानांच्या, काडीने टाचून मशीनवर दाबलेल्या. धसईजवळच्या आमच्या गावात अकरा बायकांचा गट हे काम करतो. माझी वहिनी त्या गटाची अध्यक्ष. मी वर्तमानपत्रात बावीस वर्षं काम करून गावी परतलो, तेव्हापासून गटाची पत्रं, अर्ज आणि बिलांची उत्तरं मी लिहितो. त्यापलीकडे गटात मला अधिकार नाही.

पानं दिवाळीपासून माघापर्यंत तोडली होती. मार्चच्या मध्यापर्यंत तीनशे साठ खोके भरले. ते गावात ठेवता येत नव्हते. वळवाचा पाऊस एप्रिलमध्येही पडतो, आणि पत्रावळीला एकदा ओल लागली की ती वाळवून उपयोग नसतो, पानावर पांढरी बुरशी येते आणि गठ्ठाच्या गठ्ठा जातो. म्हणून १६ मार्चला माल शहापूरच्या गोदामात गेला. मुदत दोन महिने, १५ मेपर्यंत. भाडं पॅलेटमागे महिन्याला साडेचारशे रुपये.

खरेदीदार एकच होता, मुरबाडचा, लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेणारा. सगळा माल वैशाखात उचलतो असं तो म्हणाला होता. निम्मा उचलला. मग त्याच्या लक्षात आलं की या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे आणि १७ मेपासून महिनाभर एकही लग्न नाही.

"माल तर घेणारच," तो वहिनीला फोनवर म्हणाला. "पण निज ज्येष्ठात. आता घेऊन मी त्याची पूजा करू का?"

तेरा मेला आम्ही दोघं मुदत वाढवून घ्यायला शहापूरला गेलो. धसईहून एसटीने मुरबाड, तिथून सरळगाव, किन्हवली करत शहापूर. शेवटचे तीन किलोमीटर रिक्षा.

गोदामाचा व्यवस्थापक किन्हवलीकडचा होता. पन्नाशीचा, आमच्याच बोलीत बोलणारा. वहिनीचं माहेर त्याच्या गावापासून दोन कोसांवर. पहिली पाच मिनिटं कोण कुणाच्या लग्नात भेटलं होतं याचा शोध घेण्यात गेली. मग चहा आला.

"ठेवा, वयनी," तो म्हणाला. "पत्रावळ काय खाते? गप पडलीय. महिनाभर ठेवा."

"ठेवते. पण जास्तीच्या दिवसांचं कसं धरणार?" वहिनीने विचारलं. "मागच्या टायमाला तांदळाला दुसऱ्या एका गोदामानं पंधरा दिवस वर झाले म्हणून आख्खा महिना लावला होता."

"तो चोर. आमच्याकडं तसं नाय. मुदतीच्या आधी अर्ज दिला, तर जेवढे दिवस तेवढेच पैसे. महिन्याचे भागिले तीस."

"आणि अर्ज नाय दिला तर?"

"तर मग दीडपट. आणि कमीत कमी पंधरा दिवसांचं. ते कंप्युटर लावतो, मी नाय."

हे सगळं खरं होतं. गोदामाचा दरफलक त्याच्या खोलीच्या दारामागे चिकटवलेला होता आणि त्यातही हेच होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. माल आत आल्याचा दिवस धरतात, हेही उतरवलं.

मग वहिनीने तो प्रश्न विचारला. पुढचं सगळं त्या प्रश्नावर फिरलं.

"अधिक सुटतो पंधरा जूनला. पण पंधराला अवस हाय. अवसेला आमी माल हलवत नाय. सोळाला उचलू. मग सोळाचा दिवस धरणार का नाय?"

व्यवस्थापक हसला. "वयनी, अवसेला मी सोताच्या घरातनं झाडू बाहेर काढत नाय, तुमच्याकडनं पत्रावळी काढू काय? सोळाला या. उचलायच्या दिवसाचं भाडं नाय."

मी ते वाक्यही वहीत लिहिलं. वेळ लिहिली, बारा वाजून दहा मिनिटं.

मग तिथेच बसून अर्ज लिहिला. वहिनी सांगत होती आणि मी लिहीत होतो. ती म्हणाली, "लिवा, अधिक संपेपर्यंत." अर्जात तिथी चालत नाही हे मला माहीत होतं. मी लिहिलं, "दिनांक १५ जूनपर्यंत". सोळा लिहायला हवं होतं. सोळा तारखेबद्दल खोलीतल्या तिघांचंही एकमत झालं होतं, आणि ते इतकं साधं होतं की कुणालाच ते कागदावर घालावंसं वाटलं नाही. अवसेला माल निघत नाही, हे सांगायची गोष्ट नव्हती. व्यवस्थापकाने अर्ज वाचला, दुसऱ्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का मारला, तारीख घातली आणि सही केली.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या तारखा तपासल्या. ही तपासली नाही.

सोळा जूनला पहाटे पाचला आम्ही निघालो. टेम्पोवाला गावातलाच, वहिनीला मावशी म्हणणारा. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. मुरबाडच्या खरेदीदाराने आदल्या दिवशी निरोप दिला होता. त्याची सामानाची गाडी मंगळवारी तीन वाजता निज ज्येष्ठातल्या पहिल्या लग्नासाठी नाशिककडे सुटणार होती. आमच्या मालातले साठ खोके त्या लग्नाचे. ते तीनपर्यंत पोहोचले नाहीत तर तो कागदी ताटं उचलणार होता. बाकीचे एकशे वीस तो पुढच्या लग्नांसाठी घेणार होता.

वाटेत सरळगावला एक चाक पंक्चर झालं, पंक्चरवाल्याचं दुकान उघडेपर्यंत थांबावं लागलं, म्हणून साडेदहा झाले.

व्यवस्थापकाच्या खुर्चीत तिशीतली एक बाई होती. चांगली, शांत, शुद्ध बोलणारी. तिने पावती घेतली, नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"ताई, हा माल मुदतबाह्य झालाय. काल शेवटचा दिवस होता."

"काल अवस होती," वहिनी म्हणाली.

"हो, पण अर्जात पंधरा तारीख आहे. आता कमीत कमी पंधरा दिवसांचं भाडं लागेल, दीडपट दराने. चार हजार पन्नास. कर वेगळा. ते भरलं की फाटक पास निघेल."

"आमचं ठरलेलं हाय. तुमच्या सायबानं सांगितलं, सोळाला उचला, त्या दिवसाचं भाडं नाय."

"ते साहेब आता भिवंडीला आहेत. पहिल्या तारखेपासून."

मी वही काढली आणि पान दाखवलं. तिने ते नीट वाचलं. मग वही परत दिली.

"काका, हे तुम्ही लिहिलंय."

वर्तमानपत्रात एका बाजूच्या टिपणाला आम्हीही इतकीच किंमत देत होतो.

वहिनीने भिवंडीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिसऱ्या वेळेस उचलला.

"हां वयनी, बोला."

"बोला काय बोला. तुमी सांगितलं होतं ना, सोळाचं भाडं नाय? हितं मॅडम बसल्यात, त्यांना सांगा."

फोनमधून भिवंडीच्या गोदामातल्या ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता.

"बोललो असन," तो म्हणाला. "पण वयनी, मी आता तिथं नाय. माझ्या बोलण्याला तिथं आता काय किंमत? कागदावर जे हाय ते हाय."

"तवा झाडू घरातनं बाहेर काढत नव्हतास. आता सोताचा शब्द टाकलास का बाहेर?"

त्याने फोन ठेवला.

आत्तापर्यंत वहिनीचा आवाज चढला नव्हता. आता चढला. टेबलाच्या काचेवर तिने मूठ आपटली नाही, पण काचेवर ठेवलेली मूठ बराच वेळ तिथेच होती. अकरा बायकांनी थंडीच्या दिवसांत डोंगरातून पानं आणली होती. गटातल्या एकीच्या अंगठ्याला काडी टोचून पू झाला होता. हे वहिनी त्या बाईला सांगत होती. ती बाई ऐकत होती आणि अधूनमधून "हो ताई" म्हणत होती. तिचा दोष नव्हता, हे वहिनीलाही कळत होतं. त्यामुळे राग आणखी वाढत होता, कारण तो टाकायला समोर माणूसच नव्हता.

साडेअकरा झाले. मी वहिनीला बाजूला घेतलं.

"वहिनी, भरून टाकू. आता निघालो तर दीडपर्यंत मुरबाड. बिल हातात घेऊ, नंतर अर्ज करू."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करणं मला जमणार नाही.

"भावजी, तुमी भरा. तुमच्या पेन्शनीतनं भरा. पण बिलात काय लिवणार ते? पंधरा दिवस. मी पंधरा दिवस ठेवला का माल? ठेवला असता तर भरलं असतं. एका दिवसाचं मी आत्ता देते, एकशे ऐंशी, हे घ्या." तिने पिशवीतून शंभराची एक आणि दहाच्या आठ नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "चौदा दिवस मी ठेवलाच नाय, त्याचं भाडं कुटल्या तोंडानं देऊ? गटात काय सांगू? भावजींनी तारीख चुकवली, म्हणून तुमच्या हातचे गेले?"

टेम्पोवाला दारात आला होता. "मावशे, माजं पण थांबायचं भाडं चालू हाय बरं का. एका तासाचं लावू का पंधरा तासांचं?"

"तू गप रे, मेल्या," वहिनी म्हणाली. पण टेबलामागची बाई पहिल्यांदा हसली.

ती हसली आणि तिने मोबाइल काढला. पंचांग पाहत होती. "पण ताई, अमावास्या काल सकाळीच संपलेली दिसतेय. दहाच्या आत. नंतर उचलता आला असता माल."

"उगवतीला जी तिथी, ती दिवसभर," वहिनी म्हणाली. "मोबाइलला इचारा, सूर्य उगवला तवा काय होतं."

शेडच्या सावलीत चार हमाल बसले होते. त्यातला एक म्हातारा, तंबाखू मळत मळत, कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाला, "काल उचलला असता तर भरला कोणी असता? काल आमी नव्हतोच."

वहिनी वळली. "काय म्हणालात?"

"काल सुट्टी. अवसेला हितं लोडिंग बंद असतं. पैल्यापासनं."

वहिनी तशीच फाटकाकडे गेली. मी आणि टेबलामागची बाई मागोमाग. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गाडी आत-बाहेर झाल्याची नोंदवही असते. त्यात गाडीचा नंबर, पार्टी, पावती आणि वेळ लिहितात. चौदा जून, रविवार, एक गाडी. सोळा जून, आमचा टेम्पो, दहा अठ्ठावीस. मधल्या पानावर १५ जूनच्या तारखेखाली आडवी रेघ होती आणि पहारेकऱ्याच्या अक्षरात "लोडिंग बंद" असं लिहिलं होतं.

"हे कोणी लिवलं?" वहिनीने विचारलं.

"मी," पहारेकरी म्हणाला. घाबरून उभा राहिला. "दर अवसेला लिवतो. काय चुकलं काय?"

"काय नाय चुकलं, भाऊ. बसा तुमी."

मग ती त्या बाईकडे वळली. आवाज खाली आला होता, आणि तो जास्त भीतिदायक होता. "मॅडम, पंधराला मी आले असते, तर तुमी माल दिला असता?"

त्या बाईने वही हातात घेतली. पान उलटून मेची अवस पाहिली. १६ मे, त्याखालीही तीच रेघ, तेच दोन शब्द. तिने दोन्ही पानांचे फोटो काढले. मला एकच विचारलं, "काका, तुमच्या अर्जाची पोहोच आहे ना? तिचाही फोटो काढू द्या."

मी तिथेच दुसरा अर्ज लिहिला. या वेळी काहीच सोडलं नाही. मुदतीचा शेवटचा दिवस १५ जून. त्या दिवशी गोदामाचं लोडिंग बंद, फाटकाच्या नोंदवहीत तशी नोंद. माल १६ जूनला, पुढच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी घेण्यास आलो. सबब मुदतबाह्य आकारणी रद्द करावी आणि एका दिवसाचं भाडं लावावं, की तेही लावायचं नाही, हे लेखी कळवावं. वहिनीने सही केली. बाईने शिक्का मारला आणि वेळ घातली, बारा पाच.

तिने ते सगळं मुख्य कार्यालयाला पाठवलं. फोन केला. तिकडच्या माणसाने सांगितलं की मंजुरी देणारे साहेब बैठकीत आहेत. एकला परत केला, तेव्हा ते जेवायला गेले होते. फाटक पास तिच्या हातात नव्हता. मंजुरीशिवाय पडद्यावरचं "मुदतबाह्य" जात नव्हतं, आणि ते गेल्याशिवाय पास छापला जात नव्हता. ती हे दोनदा दाखवून म्हणाली, "बघा ताई, बटणच येत नाही."

दोन वाजता वहिनीने खरेदीदाराला फोन केला.

"तीनला गाडी सोडणारच," तो म्हणाला. "माझ्या हातात पण नाही. नवरीकडचे डोक्यावर बसलेत."

वहिनी परत येऊन बाकावर बसली. आता चार हजार पन्नास आणि कर भरला असता तरी काही उपयोग नव्हता. टेम्पोवाल्याने कुठूनतरी वडापाव आणले, तिने घेतला नाही.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी मंजुरी आली. एक ओळ होती. मुदतबाह्य आकारणी रद्द, एक दिवसाचं भाडं रोजच्या दराने. टेबलामागच्या बाईने ती वाचून दाखवली आणि लगेच पास छापला. टेबलावरच्या नोटा अजून तिथेच होत्या. तिने त्या मोजल्या, वरचा कर वहिनीने सुटा दिला, पावती फाडली.

"ताई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी तारीख एक दिवस पुढची टाका."

"पुढच्या वेळी," वहिनी म्हणाली, "तुमी दारामागच्या त्या फलकावर अवसेला बंद असं लिवा. भावजी वाचतात दारामागचं."

हमालांनी एकशे ऐंशी खोके चाळीस मिनिटांत चढवले. शेवटच्या रांगेला सर आली. ताडपत्री ओढेपर्यंत मागच्या बाजूचे काही खोके भिजले, किती ते अंधुक उजेडात मोजता आलं नाही. किन्हवलीपर्यंत पाऊस होता, पुढे नव्हता.

मुरबाडला पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. खरेदीदाराच्या दुकानापुढे कागदी ताटांची रिकामी वेष्टनं पडली होती. गाडी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली होती. त्याने कोरडे एकशे वीस खोके निवडून उतरवून घेतले. उरलेल्या साठांकडे पाहून तो म्हणाला, "हे आता पुढच्या मार्गशीर्षात बघू." टेम्पोत बसल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "हा पण तारीख बोलत नाय, महिनाच बोलतो."

साठ खोके घरी आणले. माळ्यावर, चुलीच्या वरच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात जळण ठेवतो तिथे लावले. जळण पडवीत काढलं.

गटाच्या बैठकीत वहिनीने दोन्ही अर्ज आणि पावती सगळ्यांसमोर ठेवली. तारीख कोणी लिहिली हे तिने सांगितलं नाही. मी सांगितलं.

शुक्रवारी गोदामाचं छापील बिल आलं. त्यात दोन दिवस लावले होते, १५ आणि १६ जून. पंधराचं भाडं मुदतवाढीच्या पैशांत आधीच भरलेलं होतं. सोमवारी शहापूरला जाऊन तिसरा अर्ज दिला. पोहोच घेतली, वेळ घातली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

माल घरी आणल्याच्या आठव्या दिवशी वहिनीने माळ्यावरचे तीन खोके उघडले. दोन कोरडे होते. तिसऱ्यात बुरशी होती.